उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज: सहपत्रांची यादी अशी लिहा

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलदारांना अर्ज लिहिताना दोन ओळींचं मायना-विषय झालं की खरं काम सहपत्रांच्या यादीत असतं. माझ्या पुतणीचा अर्ज परत आला तो तिथेच. अर्जात वार्षिक उत्पन्न 96,000 आणि तलाठ्यांच्या अहवालात 90,000. म्हणून आधी तलाठ्यांकडून उत्पन्नाचा अहवाल घ्या, मग त्यातलाच आकडा अर्जात आणि स्वयंघोषणापत्रात अंकी व अक्षरी उतरवा.

मजकूर एवढा पुरतो:

"विषय: सन 2023-24 या वर्षाचा उत्पन्नाचा दाखला मिळणेबाबत.
महोदय, माझ्या कुटुंबाचे शेती व मजुरीपासूनचे वार्षिक उत्पन्न रु. 90,000 (अक्षरी नव्वद हजार फक्त) आहे. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी दाखला मिळावा, ही विनंती.
सहपत्रे:
1) तलाठी अहवाल, मूळ प्रत
2) शिधापत्रिका, छायाप्रत
3) आधार कार्ड, छायाप्रत
4) सातबारा व 8अ उतारा
5) स्वयंघोषणापत्र"

नोकरदारांनी तलाठी अहवालाच्या जागी फॉर्म 16 किंवा पगाराचा दाखला लिहावा. वर्ष म्हणजे 1 एप्रिल ते 31 मार्च. नॉन-क्रिमीलेअरसाठी मात्र तीन वर्षांचं उत्पन्न लागतं, तेव्हा विषयातच तिन्ही वर्षं लिहा.

यादीतला क्रमांक प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात पेनाने टाका आणि त्याच क्रमाने कागद लावा. ऑनलाइन अर्ज भरतानाही हाच गठ्ठा सेतू केंद्रात न्या. पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.