बजेट बाराने भागणं मी का सोडलं

दुकानाचं वार्षिक विक्रीचं बजेट मी सरळ बाराने भागायचो. दर महिन्याला ८.३ टक्के. मग सण सोडून बाकी सगळे महिने तुटीतच दिसायचे.

शेवटी तीन वर्षांची महिनावार विक्री काढून प्रत्येक महिन्याचा वाटा टक्क्यांत मांडला. पण एका वर्षी सण पुढच्या महिन्यात सरकला होता, त्यामुळे सरासरीत गर्दी दोन महिन्यांत विभागली गेली. म्हणून सणाआधीच्या चार आठवड्यांची विक्री वेगळी मोजली. ती २२ टक्के निघाली, ती यंदाच्या तारखांवर बसवली आणि उरलेले ७८ टक्के जुन्या प्रमाणात वाटले.

भाडं, कायम माणसांचे पगार समानच ठेवले. मालाची खरेदी मात्र विक्रीच्या दोन महिने आधी धरली. रोकड खरी तिथेच आटते, आणि बाराने भागल्यावर नेमकं तेच दिसत नव्हतं.