एनएमएमएसच्या निकालाची पोस्ट: पोरांचं कौतुक करा, घरची माहिती नको

एनएमएमएस या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की शिक्षकांच्या पोस्टी येतात आणि नमुना ठरलेला असतो: "आमच्या शाळेची कु. अमुक शिष्यवृत्तीस पात्र, वडील ऊसतोड कामगार, आता दरवर्षी 12,000 रुपये मिळणार", खाली निवड यादीचा स्क्रीनशॉट आणि मुलीचा फोटो. अशी पोस्ट परत कशी लिहायची ते सांगते.

नाव, बैठक क्रमांक, चेहरा, स्क्रीनशॉट आधी काढून टाका. फोटो हवाच असेल तर वहीचा लावा.

खरी अडचण इथून पुढे आहे. नाव काढलं की झालं असं सगळे सांगतात आणि ते साफ चूक आहे. आठवीत नऊच पोरं असतील तर "ऊसतोड कामगाराची लेक" एवढं वाचून गावातल्या दुकानदाराला ती कोण ते लगेच कळतं, चेहरा ब्लर केला तरी कळतं. त्यात ही शिष्यवृत्ती पालकांचं वार्षिक उत्पन्न 3.5 लाखांच्या आत असेल तरच मिळते, म्हणजे मूल ओळखू आलं की परीक्षेच्या नावावरूनच घरचं उत्पन्न उघड होतं, आणि यादी प्रवर्गवार असेल तर त्या स्क्रीनशॉटमधून जातसुद्धा. त्यामुळे एकदोनच पोरं पात्र झाली असतील तर परीक्षेचं नाव आणि आकडा दोन्ही गाळा. तीसपैकी बारा झाली असतील तर आकडा चालेल, नावं तरीही नकोत.

गरिबीची गोष्ट तर कधीच लिहू नका. पालक हो म्हणाले होते हे कारण मला पटत नाही, गुरुजींना तोंडावर नाही कोण म्हणतं? पोरगी उद्या कॉलेजला जाईल तेव्हाही ती पोस्ट कुणीतरी शोधून काढेल.

मग लिहायचं काय, तर पोरांनी केलेली मेहनत. या परीक्षेत 90 मिनिटांत 90 प्रश्न असे दोन पेपर असतात, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, आणि पोरं अडकतात ती बहुतेक आकृत्या आणि अंकमालिकांमध्ये. वरची पोस्ट मी अशी करेन:

"आमच्या आठवीच्या पोरांनी यंदा स्पर्धा परीक्षेची तयारी एकमेकांना शिकवत केली. ज्याला आकृत्या जमल्या त्यानं फळ्यावर सोडवून दाखवल्या, ज्याला अंकमालिका जमल्या त्यानं त्या. मिनिटाला एक प्रश्न, असं घड्याळ लावून जुने पेपर सोडवले. वर्गाचं मनापासून अभिनंदन!"

यात एकही पोर वेगळं काढता येत नाही आणि कौतुक सगळ्यांना पोचतं. जी पात्र झाली तिला वर्गात उभं करून टाळ्या द्या, घरी जाऊन पेढा द्या.

टाकल्यावर कमेंटकडे लक्ष ठेवा, कारण कुणीतरी काका "अभिनंदन" लिहून पुढे नाव टाकतातच. ती कमेंट लगेच काढा आणि त्यांना फोन करून कारण सांगा, सहकाऱ्यांना तर पोस्ट टाकायच्या आधीच सांगून ठेवा.