एक रुपयाच्या मागची 999 ची मर्यादा

फोंड्याच्या वहिनीच्या बँक ॲपमध्ये ऑटोपेच्या दोन रिक्वेस्ट पडून होत्या. तिने विचारलं, "भावजी, मंजूर करू की नको?" मी म्हटलं, पिन टाकल्याशिवाय काही कटत नाही, आधी उघडून बघूया.

पहिली म्युच्युअल फंडाच्या एसआयपीची. रक्कम 2,000, दरमहा, तारीख 5. तिने नुकत्याच भरलेल्या फॉर्मशी सगळं जुळत होतं. मंजूर केली.

दुसरीत मोठ्या अक्षरात फक्त 1 रुपया. नाव कुठल्याशा अनोळखी कंपनीचं. तपशील उघडला तर खाली 'कमाल रक्कम 999', दरमहा, आणि शेवटची तारीख चक्क 2049! म्हणजे आज एक रुपया, पुढे दर महिन्याला 999 पर्यंत कितीही. 15,000 पर्यंतच्या पुढच्या अशा कपातींना सहसा पुन्हा पिन लागत नाही. किमान 24 तास आधी सूचना येते, पण मेसेजांच्या गर्दीत ती कोण वाचतो? मग आठवलं, पुतण्याने फोटो सजवायच्या ॲपची 'फ्री ट्रायल' दाबली होती. रिक्वेस्ट नाकारली.

मग ऑटोपेची चालू यादीही पाहिली. तिथे एका गाण्यांच्या ॲपची 119 ची परवानगी अजून जिवंत! ॲप कधीच काढून टाकलेलं, पण त्याने परवानगी रद्द होत नाही. तिथेच 'रद्द करा' दाबून पिन टाकावा लागला.