हिरवा ठिपका पाहून मार्क देऊ नका

नागपुरात आयटी पार्कजवळ आमचं ऑफिस आहे. काम दुसऱ्या कंपन्यांचे पगार तयार करून देण्याचं. टीममधले सगळे इथे बसतात, एक सहकारी मात्र वर्ध्याहून घरूनच काम करते. मागच्या मार्चमध्ये तिचा अप्रेझल फॉर्म भरताना मी पाचपैकी दोन लिहून मोकळा झालो होतो. कारण काय, तर चॅटवर तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका अर्धा दिवस दिसत नाही आणि मीटिंगमध्ये ती फार बोलत नाही. टीममधल्या एकाला मी चार दिले होते. तो रात्री आठपर्यंत बसतो, समोरच्या टपरीवर माझ्याबरोबर चहा पितो, काम कसं चाललंय ते सांगतो. थोडक्यात, तो मला दिसतो.

पहिली चूक: दिसणं मोजणं

फॉर्म पाठवण्याआधी वर्षाची फाइल उघडली, ते बरं झालं. तिच्याकडे ११ कंपन्या, म्हणजे वर्षाला १३२ पगार. ठरलेलं उद्दिष्ट होतं, दर महिन्याच्या २८ तारखेच्या आत पगार तयार. त्यातले १२१ वेळेत गेले होते, ११ उशिरा. त्या ११ चे मेल एकेक करून पाहिले. आठ वेळा कंपनीनं हजेरीच २७ तारखेला किंवा त्यानंतर पाठवली होती. उरले तीन, ते तिचे.

मग हाच हिशोब चहावाल्या मित्राचाही केला. एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा लावला, तर सगळं मुसळ केरात. त्याचे १०८ पगार, ९ उशिरा, त्यातले फक्त दोन कंपनीमुळे. उरलेले सात त्याचे.

लॉगिनचे तास, माउस हलतो की नाही, मेलला किती मिनिटांत उत्तर आलं, यातून काम झालं की नाही हे कळत नाही. उलट, हे मोजलं जातंय असं कळलं की माणूस त्याचीच काळजी घेऊ लागतो.

दुसरी चूक: उद्दिष्ट त्या माणसाच्या हातात नसणं

खरा दोष उद्दिष्टाच्या वाक्यात होता. '२८ तारखेच्या आत' हे निम्मं कंपनीच्या हातात. आता आम्ही असं लिहितो: 'पूर्ण हजेरी मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत पगार तयार. हजेरी २५ तारखेपर्यंत आली नाही, तर त्याच दिवशी मला मेल.' दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. नाहीतर कंपनीचं नाव पुढे करून कुणीही हात झटकू शकतं.

वेळेच्या जोडीला चुकांचं मापही हवं, नाहीतर घाईत पगार सुटतात आणि पुढे निस्तरत बसावं लागतं. आम्ही दर १०० स्लिपांमागे मागाहून किती दुरुस्त कराव्या लागल्या ते धरतो. पीएफ भरायची मुदत पुढच्या महिन्याची १५ तारीख असते, ती चुकली तर व्याज आणि दंड. म्हणून तिथे टक्केवारी नाही, एकही चूक चालत नाही. आणि निव्वळ आकडा ठेवू नका. ४०० कामगारांचा कारखाना, तिथला ओव्हरटाइम आणि तीन पाळ्या, हे एका पारड्यात अन् २० जणांचं दुकान दुसऱ्या, तरी दोन्हींचा पगार एकच धरला तर अन्याय होतो. आम्ही मोठ्या कंपनीला दोन धरतो. ढोबळ आहे, पण वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर ठरलेलं आहे.

काम बदललं, कागद नाही

वर्षाच्या सुरुवातीलाच, उद्दिष्टाचा कागद ठरल्यावर लगेच, मी तिला आणखी दोन कंपन्या फोनवरच सोपवल्या होत्या. उद्दिष्टाच्या कागदावर मात्र नऊच होत्या. ती म्हणाली, "सर, काहून दोन कंपन्या मोजल्याच नाहीत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता दर तीन महिन्यांनी अर्धा तास बसतो आणि बदल त्याच दिवशी मेलवर टाकतो. शिवाय दर महिन्याला प्रत्येकासाठी चार ओळी लिहून ठेवतो. नाहीतर मार्चमध्ये फक्त फेब्रुवारी आठवतो.

आकडे कुठे कमी पडतात

नव्या मुलीला पीएफचं रिटर्न तिनंच फोनवर शिकवलं होतं. फाइलीत त्याचा मागमूस नाही. हे कळलं ते त्या मुलीला विचारलं म्हणून. ज्यांच्या हाती काम जातं, अशा दोघातिघांना एकच प्रश्न विचारायचा: 'तिच्यामुळे तुमचं कोणतं काम सोपं झालं, कोणतं अडलं?' स्वभाव विचारायचा नाही.

तिचे ते तीन उशिराचे पगारही बोलण्यातून उलगडले. तिन्ही जून-जुलैतले होते. पावसात घरची वीज जायची, तिनं सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. इन्व्हर्टरचा खर्च मंजूर झाला. फॉर्मवर दोन खोडून चार लिहिले. चहावाल्या मित्राचे तीन झाले. त्याला समोर बसवून ते सात मेल दाखवायला मात्र मला आठवडा लागला.