मुघल लघुचित्र बघताना या चुका टाळा

लघुचित्रासमोर उभं राहिलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, हे इराणी की आपलं? मग वाटणी सुरू होते, ढग इराणी, हत्ती आपला, गालिचा इराणी, धोतर आपलं. मीपण कितीतरी दिवस असंच बघायचो आणि चित्र हातातून निसटायचं, कारण ही सरमिसळ वस्तूंच्या यादीत सापडत नाही, ती चित्र कसं रचलंय त्यात असते.

थोडी पार्श्वभूमी लागेल. हुमायून राज्य गमावून इराणच्या शाह तहमास्पकडे आश्रयाला गेला, तिथल्या दरबारातले मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे चित्रकार नंतर त्याच्याकडे आले. पुढे अकबराच्या चित्रशाळेत त्यांच्या हाताखाली इथलीच माणसं भरली, बसावन, दसवंत वगैरे. म्हणजे उस्ताद इराणचे आणि हात इथले, आणि ते हात कोरे नव्हते, त्यांच्या घरात आधीपासून चित्रं होतीच.

आता एक चित्र नीट बघूया. अकबरनाम्यातलं, साधारण 1590 ते 95 मधलं, आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, ऑनलाइन मोठं करून बघता येतं. प्रसंग 1561 चा, अकबर जेमतेम एकोणीस वर्षांचा, हवाई नावाच्या बिथरलेल्या हत्तीवर बसलाय, समोरचा रणबाघा हत्ती पळत सुटलाय आणि दोघं आग्र्याला यमुनेवरच्या होड्यांच्या पुलावर शिरलेत. समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून हा एकच गोंधळ आहे आणि पान उंचीला फक्त फूटभर.

इथे लोक म्हणतात, "यांना पर्स्पेक्टिव्ह जमत नव्हतं." नाही हो, असं नका बघू. इराणी चित्रात प्रत्येक गोष्ट ती जिथून सगळ्यात चांगली दिसते तिथून दाखवायची असते, म्हणून पाणी वरून दिसतं, होडी बाजूने दिसते, आणि लांबची माणसं लहान होत नाहीत, पानावर वर सरकतात. त्यामुळेच फूटभर पानात किल्ल्याचं दार, पूल, पाण्यातली माणसं, काठावरची पळापळ हे सगळं एकमेकाला न झाकता मावतं. ही झाली इराणी पद्धत. पण आता होड्यांकडे बघा, हत्तीच्या वजनाने त्या कलंडतायत, माणसं उड्या टाकतायत, कोणी पोहतंय. हे वजन, ही धक्काबुक्की इराणच्या पोथ्यांत एवढी सापडत नाही, तिथली माणसं बारीक, हलकी, युद्धातसुद्धा नीटनेटकी. हे चित्र रचणाऱ्या बसावनच्या हातात मात्र अंगाला गोलाई आहे, हत्तीला जडपणा आहे. (त्या गोलाईत युरोपातून दरबारात आलेल्या छापील चित्रांचाही वाटा आहे, त्यामुळे "इराण अधिक भारत" एवढ्यावर थांबलात तरी हिशोब अपुराच राहतो.)

या चित्राखाली "बसावन" एवढंच नाव द्यायचं ही पण नेहमीची चूक. अकबराच्या चित्रशाळेत पानं बहुतेक दोघंतिघं मिळून करायचे, रचना एकाची म्हणजे तरह, रंगकाम दुसऱ्याचं म्हणजे अमल, आणि कधी कधी चेहऱ्यांसाठी तिसराच. हवाईच्या चित्रात रचना बसावनची आणि रंग चतरचे. ही नावं चित्राच्या खालच्या समासात लाल शाईने बारीक लिहिलेली असतात, म्हणून पानाचा क्रॉप केलेला फोटो बघू नका, पूर्ण पानाचाच शोधा. आणि नाव नसलं म्हणजे ते लिहिलंच नव्हतं असं नाही, पुन्हा बांधणी करताना समास कापले की नावंही जायची.

एका केसाच्या ब्रशने काढलंय हे तर सर्रास ऐकू येतं. एका केसात रंग धरत नाही. खारीच्या शेपटीचे बरेच केस बांधायचे आणि टोक एका केसाएवढं निमुळतं करायचं, रंग पोटात राहतो आणि रेघ टोकातून उतरते.

आता ज्याच्यात सगळ्यात जास्त लोक फसतात ते, म्हणजे किनार. तिला हाशिया म्हणतात. किनार आणि मधलं चित्र एकाच वेळचं असं धरून चालू नका. पोथीच्या पानाची गोष्ट वेगळी, पण मुरक्का म्हणजे अल्बमसाठी जुनी चित्रं, सुलेखनाचे तुकडे कापून नव्या किनारीत बसवायचे आणि जोड झाकायला भोवती सोनेरी, लाल, निळ्या रेघा मारायच्या, त्या रेघांना जदवल म्हणतात. म्हणून आधी नजर जदवलवर न्या. कागदाचा रंग आत आणि बाहेर वेगळा आहे का, आतली एखादी फांदी किंवा अक्षर रेघेशी अर्धवट तुटलंय का, तिरप्या उजेडात कडेला उंचवटा दिसतो का, यातलं काही दिसलं तर ते पान जोडलेलं समजा.

जहांगीरच्या अल्बममधलं एक पान वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत आहे, त्यावर हे लगेच कळतं. मध्ये मीर अली या हेरातच्या सुलेखनकाराचं फारसी लिखाण, आणि किनारीत सोनेरी झाडाझुडपांत बसलेले कारागीर, कोणी कागद घोटतोय, कोणी पोथी बांधतोय. मीर अली सोळाव्या शतकाच्या मध्यालाच गेला, किनार 1600 च्या आसपासची, म्हणजे मधलं आणि भोवतीचं यात निदान पन्नासेक वर्षं. तुम्ही अख्ख्या पानाला एकच तारीख लावली तर एक बाजू चुकणारच. आणि इथे मधला मजकूर इराणी परंपरेतला असताना इथल्या दरबारातलं रोजचं काम किनारीत येऊन बसलंय. मला ही पानं चित्रांपेक्षाही जास्त आवडतात, तासभर बघितली तरी डोळे हलत नाहीत.

शाहजहानच्या काळात किनारीत सुटी सुटी फुलझाडं येतात, आयरिस, खसखस, नर्गिस. "काश्मीरची फुलं" म्हणून मोकळे होऊ नका. 1620 ला जहांगीर काश्मीरला गेला तेव्हा त्याच्या दरबारातल्या मन्सूर या चित्रकाराने तिथली शंभरावर फुलं काढली असं जहांगीर स्वतः लिहितो, पण झाड एकटंच, समोरून, कोऱ्या जागेवर मांडायची पद्धत युरोपच्या छापील वनस्पतिग्रंथांशी जुळते. शिवाय अशाच अल्बममध्ये एकोणिसाव्या शतकात केलेल्या नकलाही घुसलेल्या आहेत, त्यामुळे नुसती फुलांची किनार बघून शाहजहानचा काळ सांगू नका.

शेवटची चूक आपल्याकडची, दरबारी लघुचित्र म्हटलं की फक्त मुघल धरायचं. अकबरनाम्याच्या पंचवीसेक वर्षं आधी अहमदनगरला हुसेन निजामशाहच्या स्तुतीची "तारीफ-ए-हुसेनशाही" ही सचित्र फारसी पोथी झाली, 1565 च्या सुमाराची, आता पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आहे. तिच्यात एक चित्र दोहदाचं आहे, बाईच्या स्पर्शाने झाड फुलतं हा आपल्या संस्कृत काव्यातला संकेत, आणि तो फारसी कवितेच्या पानावर. याच पोथीत हुसेनच्या राणीची, खानजादा हुमायूनची आकृती जिथे जिथे होती तिथे बहुतेक ठिकाणी डाग किंवा पुसट जागा दिसते. जुनी पोथी, रंग झडला असेल असं वाटतं. पण शेजारी बसलेल्या राजाचा रंग शाबूत आहे, बिछायत शाबूत आहे, फक्त तिची आकृती गेलीय, आणि नैसर्गिक झीज अशी एकाच माणसाला धरून होत नाही. हुसेनच्या मृत्यूनंतर ती मुलाच्या नावाने कारभार बघत होती, पुढे त्याच मुलाने तिला कैदेत टाकलं, आणि बहुतेक त्यानंतरच कोणीतरी ती पानातून काढून टाकली.