ठाण्यातील वीजखंड आणि कन्सोलची नारिंगी दिव्याची सवय

आमच्या नौपाड्यातील जुन्या इमारतीत पावसाळ्यात वीज वारंवार जाते, आणि मुलाचा प्लेस्टेशन ५ रात्रभर रेस्ट मोडमध्ये, म्हणजे नारिंगी दिवा लागलेल्या अर्धवट बंद अवस्थेत, असल्यामुळे सकाळी पडद्यावर, यंत्र नीट बंद केले नव्हते, असा संदेश येऊन स्टोरेजची तपासणी सुरू होत असे. प्लग-मीटर लावून पाहिले, तेव्हा डाउनलोड वा चार्जिंग चालू नसताना रेस्ट मोडमध्ये जेमतेम दीड वॅट लागत होते, म्हणजे महिन्याला साधारण एक युनिट. त्यामुळे प्रश्न बिलाचा नव्हताच.

मी विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा सर्ज प्रोटेक्टर आणला, परंतु त्यावरील अर्थिंगचा दिवा लागेना. वायरमनने सॉकेट उघडले, तर हिरवी तार पिनला जोडलेलीच नव्हती. अर्थिंगशिवाय वाढीव दाब जमिनीत उतरवायला वाटच राहत नाही, म्हणून ती तार आधी जोडून घेतली.

तरीही सर्ज प्रोटेक्टर वीज जाणे थांबवत नाही. म्हणून आता रात्री मेनूतून कन्सोल पूर्ण बंद करतो, नारिंगीसह कोणताही दिवा लागलेला नाही याची खात्री करतो आणि मगच भिंतीवरचे बटण बंद करतो. तेव्हापासून तो संदेश पुन्हा आलेला नाही.