करारातलं कलम सोपं करताना

घर राहायला देण्याच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारातलं मूळ कलम असं आहे: ‘परवानाधारकाने किमान एक महिन्याची लेखी पूर्वसूचना न देता जागा सोडल्यास, एक महिन्याच्या परवाना शुल्काइतकी रक्कम अनामत रकमेतून वळती करण्याचा अधिकार परवानादात्यास राहील.’

आधी क्रियापद शोधा आणि कोण, काय, कधी हे वेगळं काढा. मग लिहा: ‘घर सोडायच्या निदान एक महिना आधी, राहणाऱ्याने घरमालकाला लेखी कळवायचं. तसं न कळवता सोडलं, तर मालक एका महिन्याचे पैसे डिपॉझिटमधून कापू शकतो.’

सगळ्यात जास्त घोळ ‘अधिकार राहील’ इथे होतो. त्याचं ‘कापेल’ केलंत तर मुभेची सक्ती होते. ‘कापू शकतो’ हेच बरोबर. ‘लेखी’ गळलं, तर वाचणारा फोनवर सांगून निर्धास्त होईल आणि पैसे गमावेल. ‘परवानाधारक’चं सवयीने ‘भाडेकरू’ करू नका. कायद्यात दोघांचे हक्क वेगळे असतात, म्हणून मी ‘राहणारा’ लिहिलं.

शेवटी सोपं वाक्य मूळ कलम न पाहिलेल्या माणसाला द्या आणि विचारा, ‘वीस दिवस आधी लेखी कळवलं तर?’ ‘मालक कापू शकतो’ असं उत्तर आलं, तर ‘निदान’ नीट पोचलंय.